लेफ्टनंट ते जनरल: भारतीय सैन्यात अधिकारी घडतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनडीएची परीक्षा कशी द्यायची, यावर मराठीत भरपूर माहिती मिळते. पण ती परीक्षा पास झालेल्या मुलाचं पुढच्या पस्तीस-अडतीस वर्षांत काय होतं, तो पुन्हा पुन्हा कोणत्या वर्गात बसतो आणि तिथे काय शिकतो, हे फारसं कुणी सांगत नाही. घरात कुणी सैन्यात नसेल तर ‘महू’, ‘वेलिंग्टन’, ‘एनडीसी’ ही नावं नुसतीच कानावर पडतात. म्हणून हे पान. इथे भर भूदलावर आहे. नौदल आणि हवाई दलाचा उल्लेख गरजेपुरताच येईल.

एनडीए झाली की मुलगा अधिकारी होतो का?

नाही. खडकवासल्याहून तो पदवी घेऊन बाहेर पडतो, पण त्याच्या खांद्यावर अजून तारे नसतात. एनडीएची तीन वर्षं झाल्यावर भूदलाचे कॅडेट एका वर्षासाठी डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत म्हणजे आयएमएत जातात, नौदलाचे केरळातल्या एझिमलाला आणि हवाई दलाचे हैदराबादजवळच्या डुंडीगलला. तिथलं प्रशिक्षण संपल्यावरच कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळतं.

एनडीए हा एकच रस्ता नाही, हेही पालकांनी लक्षात घ्यावं. पदवीनंतर सीडीएस परीक्षा देऊन थेट आयएमएत जाणाऱ्यांचं प्रशिक्षण दीड वर्षाचं असतं. शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेणारे चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत ४९ आठवडे काढतात. पलटणीत पोहोचल्यावर कोण कुठून आला, हे सहा महिन्यांत कुणाच्या लक्षातही राहत नाही.

एनडीएत तीन वर्षं नक्की काय करतात?

तीन वर्षांच्या सहा टर्म असतात. सकाळी पीटी, ड्रिल, मग कॉलेजसारखे वर्ग, दुपारनंतर खेळ, संध्याकाळी अभ्यास. पदवी जेएनयूची. आठवडाभर झोप कमी आणि रगडा जास्त, हे खरंच आहे. पहिल्या टर्मच्या कॅडेटला विचारलं तर तो दुसरं काही सांगणारही नाही.

पण संस्थेचं वेगळेपण तिच्या रचनेत आहे. एकेका स्क्वॉड्रनमध्ये भूदल, नौदल आणि हवाई दलाचे कॅडेट एकत्र राहतात. एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच स्क्वॉड्रनसाठी क्रॉसकंट्री धावतात. पुढे पंचवीस वर्षांनी एखाद्या ब्रिगेडियरला हवाई दलाकडून तातडीची मदत हवी असते, तेव्हा फोनच्या दुसऱ्या टोकाला त्याचा स्क्वॉड्रनमधला मित्र असू शकतो. हा विचार १९४९ सालीच केलेला होता. त्या वर्षी जानेवारीत डेहराडूनला जॉइंट सर्व्हिसेस विंग सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते खडकवासल्याची पायाभरणी झाली. अकॅडमी इथे रीतसर सुरू झाली ती जानेवारी १९५५मध्ये.

नेतृत्वाचा खरा कस लागतो तो कॅम्पमध्ये. तीन मोठे कॅम्प असतात: ग्रीनहॉर्न, रोव्हर्स आणि शेवटच्या वर्षातला तोरणा. पाठीवर सामान, हातात नकाशा आणि होकायंत्र, रात्रीची चाल, थकलेले सोबती. अशा वेळी टीमचा म्होरक्या झालेला कॅडेट रस्ता चुकला तर काय करतो, मागे पडलेल्याला ओरडतो की त्याचं ओझं वाटून घेतो, हे शिक्षक बघत असतात. शारीरिक चाचणी, अभ्यास किंवा शिस्तीत कमी पडलेल्याला ‘रेलिगेट’ करतात, म्हणजे त्याची एक टर्म मागे जाते. ही नामुष्की समजू नये. रेलिगेट होऊन पुढे उत्तम कारकीर्द केलेले अधिकारी पुष्कळ आहेत.

मग डेहराडूनला वेगळं काय?

तिथे विषय एकच: पायदळाची तुकडी चालवणं. पुढे रणगाड्यात जाणारा असो वा सिग्नल्समध्ये, प्रत्येकाला साधारण पस्तीस जवानांच्या प्लाटूनने हल्ला कसा करायचा, खंदक कुठे खणायचे, रात्रीची गस्त कशी न्यायची हे शिकावंच लागतं. आयएमए १९३२ साली सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस जण होते आणि त्यांत सॅम माणेकशा होते. पासिंग आऊट परेडच्या शेवटी ज्या पायरीवरून कॅडेट बाहेर पडतात तिला ‘अंतिम पग’ म्हणतात. त्या पायरीपलीकडे तो लेफ्टनंट असतो.

कमिशन मिळालं, आता प्रशिक्षण संपलं?

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. नव्या लेफ्टनंटला आधी पलटणीत पाठवतात आणि तिथले पहिले काही आठवडे तो अनेक युनिटांमध्ये जवानांबरोबरच राहतो. त्यांच्या लंगरात जेवतो, त्यांच्यासोबत ड्यूटी करतो, प्रत्येकाचं नाव-गाव पाठ करतो. ज्या रेजिमेंटमध्ये एकाच भागातले जवान असतात तिथे अधिकाऱ्याला त्यांची भाषा शिकावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीत आलेला पंजाबी किंवा तामीळ अधिकारी काही महिन्यांत मराठी बोलू लागतो, तो असा. त्याचे पहिले गुरू असतात प्लाटूनमधले सुभेदार आणि हवालदार. वयाने दुप्पट असलेला सुभेदारसाहेब जेव्हा अदबीने म्हणतो, “साब, एक बार और देख लेते हैं,” तेव्हा काहीतरी चुकतंय हे समजायला शिकणं, हाही अभ्यासक्रमच आहे. छापील नाही इतकंच.

त्यानंतर यंग ऑफिसर्स कोर्स, म्हणजे ‘वायओ’. हा ज्याच्या त्याच्या शाखेनुसार असतो. पायदळाचा मध्य प्रदेशातल्या महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये, तोफखान्याचा नाशिकजवळ देवळालीला, रणगाड्यांचा अहिल्यानगरला (जुनं अहमदनगर), इंजिनिअर्सचा पुण्यात दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये. काही महिने चालणाऱ्या या कोर्समध्ये तो आपल्या शाखेचं हत्यार हाताळायला शिकतो. पायदळवाले पुढे बेळगावला कमांडो कोर्सही करतात आणि तो फार कठीण मानला जातो. अधिकारी प्रशिक्षणाचा निम्मा नकाशा महाराष्ट्र आणि आसपासच्या भागात आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

हुद्दा वाढतो तसं शिक्षण का बदलतं? एखाद्या खऱ्या लढाईवरून सांगता येईल का?

येईल. बसंतरची लढाई घेऊ, डिसेंबर १९७१. कारण त्या एका लढाईत प्रत्येक हुद्द्याचं काम स्वच्छ वेगळं दिसतं.

जागा शकरगडचा फुगवटा, म्हणजे पंजाब आणि जम्मूच्या सीमेला लागून भारताच्या बाजूला आत आलेला पाकिस्तानी भूभाग. पठाणकोटहून जम्मूला जाणारा रस्ता इथे सीमेच्या अगदी जवळून जातो. शत्रूने तो कापला तर जम्मू-काश्मीरचा मुख्य दुवाच तुटतो. म्हणून बचाव करत बसण्यापेक्षा आपणच फुगवट्यात घुसायचं, असं ठरलं.

खालून सुरुवात करू. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, वय २१, कमिशन मिळून सहा महिने झालेले, १७ पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट. युद्ध सुरू झालं तेव्हा ते अहमदनगरला वायओ कोर्सवरच होते. कोर्स अर्धवट सोडून रेजिमेंटकडे आले. १६ डिसेंबरला जरपालजवळ पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांशी ते भिडले. त्यांच्यापुढचा प्रश्न होता समोरच्या काहीशे मीटरचा आणि पुढच्या काही मिनिटांचा: कोणता रणगाडा आधी टिपायचा, तोफ चालू आहे का, चालक आणि गनर काय म्हणतात. रणगाड्याने पेट घेतल्यावर त्यांना तो सोडायला सांगितलं गेलं, पण तोफ अजून चालत होती म्हणून ते थांबले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. एनडीए, आयएमए आणि वायओ या तीन पायऱ्या अधिकाऱ्याला या मिनिटांसाठी तयार करतात.

त्याच गावापाशी मेजर होशियार सिंग, ३ ग्रेनेडियर्सचे कंपनी कमांडर. त्यांच्या हाताखाली शंभर-सव्वाशे जवान. जरपाल जिंकून घेतल्यावर एकामागून एक प्रतिहल्ले आले. स्वतः जखमी असताना ते खंदकाखंदकातून फिरत राहिले आणि युद्धविराम होईपर्यंत मागे गेले नाहीत. मेजरचा प्रश्न तासांचा आणि दिवसांचा असतो: गोळ्या कुठे संपत आल्यात, कोणता खंदक ढिला पडतोय, तोफखान्याचा मारा कुठे मागायचा. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं आणि ते त्यांनी हयातीत स्वीकारलं.

त्याच्यावर लेफ्टनंट कर्नल. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळ बसंतर नदी ओलांडून पलीकडे पोहोचलं होतं. पण रणगाडे पलीकडे न्यायचे तर मधल्या सुरुंगक्षेत्रातून वाट हवी आणि इंजिनिअर्सचं काम अर्ध्यावरच होतं. तेवढ्यात पुढून निरोप आला की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल ऐकू येतेय. पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर हणूत सिंग यांनी अर्धवट साफ झालेल्या सुरुंगक्षेत्रातून रणगाडे पुढे काढले. या निर्णयाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. थांबलो तर वाट सुरक्षित होईल, पण उजाडल्यावर पलीकडचं पायदळ रणगाड्यांशिवाय शत्रूच्या रणगाड्यांपुढे असेल. निघालो तर काही रणगाडे सुरुंगावर जातील, पण बाकीचे वेळेत पोहोचतील. सकाळी प्रतिहल्ला आलाच आणि तेव्हा पूना हॉर्स नदीपलीकडे उभी होती. कर्नलला आपल्या शाखेपलीकडचं कळावं लागतं: इंजिनिअर्सना वाट काढायला किती वेळ लागेल, पायदळ किती तग धरेल, उजाडायला किती अवकाश आहे. वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज आणि महूचं वॉर कॉलेज यांचा सगळा खटाटोप यासाठीच असतो.

त्याहून वर ५४ इन्फंट्री डिव्हिजनचे मेजर जनरल डब्ल्यू. ए. जी. पिंटो. त्यांच्यापुढे प्रश्न होता नदी कुठे ओलांडायची, कोणत्या ब्रिगेडने आणि कोणत्या रात्री. त्यांच्या वर कोअर कमांडर, म्हणजे अनेक डिव्हिजनांचा प्रमुख: फुगवट्यात किती खोल जायचं आणि आपला मागचा रस्ता राखायला किती फौज मागे ठेवायची. कोअरचा पुढे सरकण्याचा वेग कमी का पडला, यावर सैन्यात आजही वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा.

सगळ्यांत वर भूदलप्रमुख माणेकशा. एप्रिल १९७१मध्ये पंतप्रधानांनी विचारलं तेव्हा त्यांनी लगेच युद्धात उतरायला नकार दिला. पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या फुगतात, फौज जागेवर नाही, आणि हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बंद झाल्यावर चीनची चिंता कमी होते. ही गणितं महिन्यांची आणि शेजारच्या देशांची आहेत. यात कोणता खंदक कुठे खणायचा, याला जागाच नाही.

माझ्या मते अधिकारी प्रशिक्षणाचं मर्म इथे आहे. प्रत्येक पायरीवर अधिकाऱ्याला जे अंगवळणी पडलंय, त्यातलं बरंच सोडून द्यायला शिकवावं लागतं. उत्तम कंपनी कमांडर ब्रिगेडियर झाल्यावरही कंपन्याच हलवत बसला, तर ब्रिगेड चालवायला कुणीच उरत नाही.

लढाई वर्गात कशी शिकवतात?

साधनं तीन. पहिलं सँड मॉडेल: मोठ्या खोलीत किंवा मैदानावर माती, रंगीत भुसा, दोऱ्या आणि लहान पाट्या वापरून केलेली जमिनीची प्रतिकृती. नाला निळ्या पट्टीने, रस्ता पांढऱ्या दोरीने. भोवती अधिकारी बसतात आणि लांब काठीने एकेक जण आपली योजना मांडतो. आपली लढायांची व्याख्यानं ऐकताना जो किल्ल्याचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो, त्याचीच ही मोजूनमापून केलेली आवृत्ती.

दुसरं ‘टेवट’. म्हणजे जवानांशिवाय, फक्त अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन केलेला सराव. टेकडीवर उभं राहून शिक्षक सांगतो की तुम्ही कंपनी कमांडर आहात, शत्रू पलीकडच्या गावात आहे, आता दुपारचे तीन वाजलेत, पहाटेपर्यंत गाव हवंय. अर्ध्या-पाऊण तासात योजना द्या. मग चिरफाड सुरू होते. नकाशावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात उसाच्या शेतातून जाते आणि तिथून दिसत काहीच नाही, हे तिथे गेल्यावरच उमगतं. तिसरं साधन वॉर गेम, जो मोठ्या पातळीवर आणि आता बहुतांशी संगणकावर होतो.

या तिन्हींच्या मुळाशी एक पद्धत आहे, तिला ‘अप्रीसिएशन’ म्हणतात. आधी उद्दिष्ट एका वाक्यात ठरवायचं. मग जमीन, शत्रू, आपलं बळ, वेळ आणि अंतर यांचा विचार करायचा आणि प्रत्येक मुद्द्याला ‘मग काय?’ असं विचारायचं. नाल्यात पाणी आहे, मग काय? गाड्या जाणार नाहीत. मग काय? जखमींना हातांनी उचलून आणावं लागेल. मग काय? त्यासाठी माणसं राखून ठेवावी लागतील, म्हणजे हल्ल्याला तेवढी कमी. असं शेवटापर्यंत गेल्यावर दोन-तीन पर्याय उरतात, त्यातला एक निवडायचा आणि हुकूम द्यायचा. कच्चा विद्यार्थी ओळखायची खूण म्हणजे तो योजना आधी ठरवतो आणि कारणं मागाहून जुळवतो. त्याच्या अप्रीसिएशनमध्ये शत्रू नेहमी सोयीचं तेच करतो.

बढतीसाठी परीक्षा असतात का?

असतात. कॅप्टन दोन वर्षांनी, मेजर सहा वर्षांनी आणि लेफ्टनंट कर्नल तेरा वर्षांनी, हे हुद्दे सेवेच्या वर्षांनुसार मिळतात. पण मधल्या काळात पार्ट बी आणि पार्ट डी या लेखी परीक्षा पास व्हाव्या लागतात. त्याच सुमारास महूच्या आर्मी वॉर कॉलेजमध्ये ज्युनिअर कमांड कोर्स होतो. दोन-तीन महिन्यांचा, कंपनी चालवण्यासाठी. पहिल्यांदा सगळ्या शाखांचे अधिकारी इथे एका वर्गात येतात आणि रणगाडेवाल्याला पायदळाची अडचण कळते. हे कॉलेज १९७१ साली कॉलेज ऑफ कॉम्बॅट म्हणून सुरू झालं. आताचं नाव २००३पासूनचं.

वेलिंग्टनचं एवढं काय कौतुक? आणि त्याचा देवळालीशी काय संबंध?

डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज निलगिरीत, कुन्नूरजवळ वेलिंग्टनला आहे. पण हिंदुस्थानातलं स्टाफ कॉलेज प्रथम भरलं ते १९०५ साली देवळालीला, आपल्या नाशिकच्या शेजारी, तात्पुरत्या जागेत. लॉर्ड किचनर तेव्हा सरसेनापती होते. १९०७ साली ते क्वेट्ट्याला गेलं. फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात गेलं, आणि आपल्या वाट्याच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना नव्याने संस्था उभी करावी लागली. १९४८ साली वेलिंग्टनला पहिला कोर्स झाला. ‘युद्धं प्रज्ञया’ हे तिचं ब्रीद आणि घुबड हे तिचं चिन्ह.

इथे यायला स्पर्धा परीक्षा आहे आणि ती सैन्यातली बहुधा सर्वांत धास्तीची. डावपेच, प्रशासन, लष्करी कायदा, लष्करी इतिहास, चालू घडामोडी असे पेपर. उमेदवार असतात आठ-दहा वर्षं सेवा झालेले मेजर. सीमेवर ड्यूटी करून रात्री बंकरमध्ये अभ्यास करणारे. घरी लहान मूल, पोस्टिंग दूर. बायकोने फोनवर “आता तरी झोपा” म्हणावं आणि त्यांनी मान डोलवावी. संधी मोजक्याच मिळतात. तांत्रिक अंगाकडे कल असलेल्यांसाठी पुण्यात गिरीनगरच्या ‘मिलिट’मध्ये तांत्रिक स्टाफ कोर्स असतो.

कोर्स साधारण ४५ आठवड्यांचा. तिन्ही दलांचे अधिकारी आणि मित्रदेशांतले काही जण, छोट्या छोट्या सिंडिकेटमध्ये बसतात. प्रत्येक सिंडिकेटला एक शिक्षक असतो, त्याला डीएस म्हणतात. आतापर्यंत अधिकारी हुकूम देत आणि घेत आला. इथे तो दुसऱ्याच्या वतीने हुकूम तयार करायला शिकतो. डिव्हिजन पुढे हलवायची तर गाड्या कोणत्या रस्त्याने, किती वेळाच्या अंतराने, इंधन कुठे, पूल किती वजन पेलेल, जखमी मागे कसे येतील. आणि हे सगळं जनरलला दोन पानांत सांगायचं. लिखाण नेमकं करायचं शिक्षण इथे कठोर असतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. संदिग्ध वाक्यामुळे पलटण चुकीच्या टेकडीवर जाऊ शकते. कोर्ससोबत मद्रास विद्यापीठाची एमएस्सी पदवीही मिळते.

वेलिंग्टनला निवड झाली नाही तर कारकीर्द संपते का?

संपत नाही, पण वाट अरुंद होते हे खरं. लेफ्टनंट कर्नलपर्यंत सगळे जातात. कर्नलपासून पुढे निवड मंडळं बसतात आणि हुद्दागणिक जागा झपाट्याने कमी होतात. मंडळापुढे मुख्यतः गोपनीय अहवाल, केलेल्या नेमणुका, कोर्समधले ग्रेड आणि मिळालेली पदकं असतात. स्टाफ कॉलेज केलेल्याला त्याचा फायदा मिळतो. तरी स्टाफ कॉलेज न करता पलटणीचं नेतृत्व करणारे कर्नल आहेतच. निवड न झालेल्या अधिकाऱ्याची अडचण वेगळी असते: चाळिशीच्या आत-बाहेर, अनुभवाच्या ऐन भरात, त्याला कळतं की यापुढे बढती कठीण. अशा अधिकाऱ्यांना सैन्य कसं वापरून घेतं, यावर पुरेसा विचार झालेला नाही असं मला वाटतं.

कर्नल झाल्यावर कुठे शिकतात?

पलटणीचं नेतृत्व हाती येण्याच्या सुमारास महूला सीनिअर कमांड कोर्स, पुन्हा दोन-तीन महिन्यांचा. पलटण म्हणजे आठशेच्या आसपास जवान. त्यांचे पगार, शिस्त, घरच्या अडचणी, सगळं आता एका माणसाच्या टेबलावर येतं.

ते नेतृत्व चांगलं पार पाडलेल्या निवडक कर्नलना मग जवळपास वर्षभराचा उच्च कोर्स मिळतो. महूला हायर कमांड, सिकंदराबादच्या कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंटमध्ये व्यवस्थापनावर भर देणारा, किंवा गोव्यात मांडवीच्या काठी वेर्‍याला नेव्हल वॉर कॉलेजमध्ये. हे शेवटचं कॉलेज आधी मुंबईजवळ करंजाला होतं. इथे विषय कोअर आणि त्याहून मोठ्या फौजांचा: मोहीम कशी आखायची आणि तिचा शेवट कुठे करायचा.

एनडीसी म्हणजे काय? तिथे लढाई शिकवत नाहीत असं ऐकलंय.

बरोबर ऐकलंय. नॅशनल डिफेन्स कॉलेज दिल्लीत तीस जानेवारी मार्गावर आहे, १९६० साली सुरू झालेलं. त्याआधी भारतीय अधिकाऱ्यांना या पातळीच्या शिक्षणासाठी लंडनच्या इंपीरियल डिफेन्स कॉलेजला जावं लागे. माणेकशाही तिथे शिकले. एनडीसीत ब्रिगेडियर आणि त्या दर्जाचे नौदल-हवाई दलाचे अधिकारी येतात. शेजारच्या खुर्चीवर आयएएस, आयपीएस, परराष्ट्र सेवेतले सहसचिव पातळीचे अधिकारी आणि परदेशी पाहुणे बसतात. ४७ आठवड्यांत भारताचा समाज आणि राजकारण, अर्थव्यवस्था आणि विज्ञान, शेजारी देश, जागतिक प्रश्न असे टप्पे घेत शेवटी राष्ट्रीय सुरक्षेच्या धोरणावर येतात. मध्ये देशात आणि परदेशांत अभ्यासदौरे.

ज्या ब्रिगेडियरने आयुष्यभर ‘हुकूम मिळाला, केला’ असं काम केलं, त्याला इथे पहिल्यांदा विचारलं जातं की हा हुकूम द्यायला हवा होता का, त्याला पैसा कुठून येणार आणि परराष्ट्र खातं काय म्हणेल. काहींना हे वर्ष आरामाचं वाटतं. ते तसं घालवता येतंही. पण पुढे मेजर जनरल किंवा लेफ्टनंट जनरल होऊन मंत्रालयाच्या बैठकीत बसल्यावर, समोरच्या सचिवाची भाषा कळते की नाही, यात या वर्षाचा फरक दिसतो.

शिकवतं कोण?

सैन्यातलेच अधिकारी, दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर. शिक्षकाची नेमणूक मानाची समजली जाते. माणेकशा महूच्या इन्फंट्री स्कूलचे आणि वेलिंग्टनचे कमांडंट होते. एनडीएत मात्र पदवीचे विषय शिकवायला नागरी प्राध्यापक असतात.

या व्यवस्थेत काय बिघडतं?

तीन गोष्टी ठळक आहेत. पहिली, ‘डीएस सोल्युशन’. प्रत्येक सरावाचं संस्थेने तयार केलेलं एक उत्तर असतं. आधीच्या तुकडीकडून ते मिळवून तसंच लिहायचा मोह मोठा असतो, कारण ग्रेडवर पुढची वाट अवलंबून. चांगला डीएस हे ओळखतो: तो सरावाच्या मध्येच एक पूल उडवतो किंवा शत्रूला अनपेक्षित दिशेने आणतो. पाठ करून आलेल्याची योजना तिथेच कोसळते, विचार करून आलेला पाच मिनिटांत ती दुरुस्त करतो.

दुसरी, तिन्ही दलांची ताटातूट. खडकवासल्यात एकत्र राहिलेले कॅडेट पुढे दहा-बारा वर्षं आपापल्या दलात जातात आणि पुन्हा एकत्र शिकतात ते थेट वेलिंग्टनला. मधल्या काळात प्रत्येक दलाची सवय घट्ट झालेली असते. एकत्रित कमांडची चर्चा आता जोरात आहे, तेव्हा ही पोकळी कॅप्टन-मेजर पातळीवरच भरायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. पलटणीच्या नेतृत्वाचा काळ आधीच दोन-अडीच वर्षांचा. त्याला कोर्सच्या तारखा, निवड मंडळाच्या तारखा चिकटलेल्या. अधिकारी नवीन जागेवर रुळतो न रुळतो तोच हलतो. जवानांना मात्र तीच पलटण आयुष्यभर.

मुलींसाठी हा सगळा मार्ग खुला आहे का?

बऱ्याच अंशी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालाने महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा मार्ग मोकळा केला. २०२२ साली एनडीएत मुलींची पहिली तुकडी आली आणि मे २०२५मध्ये त्यांतल्या सतरा जणी बाहेर पडल्या. २०२२ सालीच स्टाफ कॉलेजची प्रवेश परीक्षा भूदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा पार केली आणि २०२३पासून त्या कर्नल हुद्द्यावर युनिटांचं नेतृत्व करू लागल्या. पायदळ आणि रणगाड्यांच्या शाखा अजून त्यांना खुल्या नाहीत. खडकवासल्यातून निघालेली पहिली तुकडी ब्रिगेडियरच्या उंबरठ्यावर यायला अजून वीसहून जास्त वर्षं आहेत.

एकूण किती वर्षं वर्गात जातात?

वरपर्यंत पोहोचलेल्या अधिकाऱ्याचा हिशेब असा. एनडीए तीन वर्षं, आयएमए एक. वायओ आणि त्याच्या आसपासचे शस्त्रांचे कोर्स मिळून सात-आठ महिने. ज्युनिअर आणि सीनिअर कमांड मिळून पाच-सहा महिने. वेलिंग्टन दहा-अकरा महिने, हायर कमांड जवळपास तेवढेच, एनडीसी अकरा महिने. एकूण साडेसात-आठ वर्षं भरतात, त्यांतली निम्मी कमिशनच्या आधीची. लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे कमिशननंतरच्या अडतीसेक वर्षांत तो चारेक वर्षं विद्यार्थी असतो. एनडीसीनंतर मात्र औपचारिक लांब कोर्स नाही. पुढचे दोन-तीन हुद्दे तो याच शिदोरीवर काढतो.